डीलिस्टिंग : घोषणेनंतरचा भाव

शेअर बाजारातून बाहेर पडण्याची, म्हणजे डीलिस्टिंगची, घोषणा होताच त्या शेअरचा भाव व उलाढाल सहसा वाढते. प्रवर्तक जादा भाव देतील, ही त्यामागील अपेक्षा असते. मात्र भागधारकांच्या बोलींतून भाव ठरवण्याच्या पद्धतीत प्रवर्तकांचा हिस्सा ९० टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही, तर प्रस्ताव बारगळतो.

मुंबईत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या ‘वेदांता’च्या प्रवर्तकांनी मे २०२० मध्ये ८७.५० रुपयांचा सूचक भाव जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये १३४.१२ कोटी शेअर हवे असताना १२५.४७ कोटी शेअरच्याच पक्क्या बोली आल्या. प्रस्ताव फसला आणि १२ ऑक्टोबरला शेअर सुमारे २० टक्क्यांनी कोसळला. त्यामुळे बोलींच्या काळात चढत्या भावापेक्षा पक्क्या बोलींचा आकडा अधिक बोलका ठरतो.