बर्गर पॅटी (तव्यावरील भाजणी)

बर्गर पॅटी म्हणजे खिम्याची गोल, चपटी वडी होय. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी कायदा लागू असल्याने सोलापूरसारख्या शहरांत ती प्रामुख्याने मटणाच्या किंवा कोंबडीच्या खिम्याची करतात. पॅटी सुरक्षित झाली की नाही, हे तिच्या मध्यभागाच्या तापमानावरून ठरते.

खिमा आणि जिवाणू

मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू बहुधा पृष्ठभागावर असतात व भाजताना मरतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळले जातात. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट शिजलेल्या पॅटींमुळे ई. कोलाय जिवाणूची साथ पसरली. तीत सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार बालके दगावली. अमेरिकी कृषी विभागाच्या निकषानुसार मटणाच्या खिम्याचा मध्य ७१° से., तर कोंबडीच्या खिम्याचा ७४° से. इतका तापला पाहिजे.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४०° से. पलीकडे जातो. हवेचे तापमान ३२° से.हून अधिक असल्यास खिमा एका तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

जाडी, आच आणि वेळ

सुमारे १२० ग्रॅम मटण खिम्याची १० सेंमी व्यासाची पॅटी साधारण १.५ सेंमी जाड होते. भाजताना कडा आकसतात व मध्य फुगतो; म्हणून मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करतात. जाड बुडाचा लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवून त्यावर थोडे तेल सोडावे. पाण्याचा थेंब टाकताच तडतडून उडाला, की तवा तयार झाला असे समजावे. पहिली बाजू ४ ते ५ मिनिटे भाजावी. तांबूस कवच धरल्यावर पॅटी तव्यापासून सहज सुटते, तेव्हा उलटावी. दुसऱ्या बाजूस ३ ते ४ मिनिटे लागतात. कोंबडीच्या पॅटीला प्रत्येक बाजूस मिनिटभर अधिक द्यावे.

हे वेळ अंदाजाचे आहेत. जाडी दुप्पट केल्यास वेळ दुपटीहून बराच अधिक लागतो, कारण उष्णता मध्यापर्यंत सावकाश पोहोचते. अशा वेळी आच वाढवली तर बाहेरून करपते व आत कच्चे राहते. त्याऐवजी आच मंद करून झाकण ठेवावे. उलथन्याने दाबल्यास रस निघून जातो व पॅटी कोरडी पडते.

तपासणी

रंगावर विसंबणे धोक्याचे असते. काही खिमा ७१° से. गाठण्यापूर्वीच तपकिरी होतो, तर काही त्यानंतरही गुलाबी राहतो. त्यामुळे अन्नासाठीच्या तापमापकाचे टोक पॅटीच्या कडेतून आडवे मध्यापर्यंत खुपसावे. वरून उभे खुपसल्यास ते तव्याजवळ जाऊन आकडा खोटा चढतो. तापमान ६५° से. भरल्यास पॅटी मंद आचेवर आणखी मिनिटभर ठेवून पुन्हा मोजावी.

उकडलेल्या बटाट्याची पॅटी आधीच शिजलेली असल्याने तिला हा निकष लागत नाही. ती आतपर्यंत गरम होऊन बाहेरून खरपूस झाली, की पुरे.