परीक्षा अर्धी कापली तर? : 1910 ते 1951, एका आकड्याची गोष्ट

आजचा भाग मोजमापाच्या इतिहासातला आहे. यात थोडी आकडेमोड आहे, त्यामुळे ज्यांनी हा भाग चालता चालता ऐकला त्यांच्यासाठी इथे तक्ताही दिला आहे.

प्रश्न साधा आहे. एखाद्या मुलाला चाचणीत 57 गुण पडले आणि निवडीची रेषा 60 वर आहे. तीच चाचणी त्याने पुन्हा दिली असती तर 57 च आले असते का? की 63 आले असते? याचं सरळ उत्तर म्हणजे चाचणी परत घेणं. पण मुलांना प्रश्न आठवतात, मधल्या काळात ती शिकतात, आणि शाळा दुसऱ्यांदा वेळ देत नाही. मग एकाच दिवशी, एकदाच घेतलेल्या चाचणीवरून हे कसं ओळखायचं?

यावरची युक्ती 1910 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'च्या एकाच अंकात लागोपाठ छापलेल्या दोन लेखांत सापडते. पहिला लेख चार्ल्स स्पीयरमन यांचा. हे गृहस्थ आधी ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते आणि नंतर मानसशास्त्राकडे वळले. दुसरा विल्यम ब्राउन यांचा. गंमत म्हणजे ब्राउन हे स्पीयरमनच्या पद्धतींचे टीकाकार होते. दोघांचं पटत नव्हतं, पण सूत्र एकच निघालं, आणि आज त्यांची नावं कायमची जोडून घेतली जातात.

युक्ती अशी. चाचणीचे दोन भाग करा, उदाहरणार्थ विषम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे आणि सम क्रमांकाचे दुसरीकडे. प्रत्येक मुलाचे दोन्ही भागांतले गुण काढा आणि त्यांचा सहसंबंध बघा. यालाच आपल्याकडच्या पुस्तकांत अर्धविच्छेद पद्धती म्हणतात. पण इथे एक अडचण आहे. हा सहसंबंध अर्ध्या चाचणीचा झाला, आणि छोटी चाचणी मोठीपेक्षा जास्त डळमळीत असते. म्हणून अर्ध्यावरून पूर्णाचा अंदाज बांधावा लागतो:

```
2r / (1 + r)
```

इथे r म्हणजे दोन भागांमधला सहसंबंध. तो 0.6 असेल, तर पूर्ण चाचणीसाठी 1.2 भागिले 1.6, म्हणजे 0.75.

आता खरी मेख. दोन भाग करायचे, पण कसे? सहा मुलं आणि चार प्रश्न घेऊ. पहिले दोन प्रश्न बेरजेचे, पुढचे दोन भूमितीचे. बरोबर उत्तराला 1, चुकीच्या उत्तराला 0.

| मूल | प्र. 1 | प्र. 2 | प्र. 3 | प्र. 4 | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| क | 1 | 1 | 1 | 1 | 4 |
| ख | 1 | 1 | 1 | 0 | 3 |
| ग | 1 | 1 | 0 | 0 | 2 |
| घ | 0 | 0 | 1 | 1 | 2 |
| च | 1 | 0 | 0 | 0 | 1 |
| छ | 0 | 0 | 0 | 0 | 0 |

विषम-सम कापलं, म्हणजे 1 आणि 3 विरुद्ध 2 आणि 4, तर सहसंबंध सुमारे 0.76 येतो, आणि सूत्रातून पूर्ण चाचणीचा आकडा 0.87. पण मधोमध कापलं, 1 आणि 2 विरुद्ध 3 आणि 4, तर सहसंबंध जेमतेम 0.03, आणि पूर्णाचा आकडा 0.07! मुलं तीच, उत्तरं तीच, फक्त कात्री वेगळ्या जागी लागली. कारण तक्त्यातच दिसतं. मधोमध कापल्यावर एका बाजूला नुसती बेरीज आणि दुसऱ्या बाजूला नुसती भूमिती राहिली. 'ग' आणि 'घ' यांचे एकूण गुण सारखेच आहेत, पण एकाला फक्त बेरीज येते, दुसऱ्याला फक्त भूमिती.

चार प्रश्नांना तीनच प्रकारे मधोमध कापता येतं. दहा प्रश्न असतील तर 126 प्रकार होतात, वीस असतील तर 92,378. म्हणजे ज्याला चाचणी चांगली दाखवायची आहे त्याने सोयीची कात्री निवडावी, असा हा मामला झाला.

यातून वाट काढली कूडर आणि रिचर्डसन यांनी, 1937 मध्ये 'सायकोमेट्रिका' या नियतकालिकात. त्यांच्या लेखात सूत्रांना क्रमांक होते आणि विसावं गाजलं, म्हणून नाव पडलं 'केआर-20'. यात कापाकापीच नाही. प्रत्येक प्रश्नाचं प्रसरण काढायचं, म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण गुणिले चुकणाऱ्यांचं. आपल्या चार प्रश्नांची बेरीज 0.944 येते. एकूण गुणांचं प्रसरण 1.667. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 0.567, ते 1 मधून वजा केलं की 0.433, आणि त्याला प्रश्नसंख्येसाठी 4/3 ने गुणलं की 0.58. तर्क सोपा आहे. प्रश्न एकमेकांना साथ देत असतील, तर एकूण गुणांचा पसारा सुट्या प्रश्नांच्या पसाऱ्यांच्या बेरजेहून बराच मोठा होतो.

1951 मध्ये ली क्रॉनबॅक यांनी हेच सूत्र 0-1 पुरतं न ठेवता कमीजास्त गुणांच्या प्रश्नांनाही चालेल अशा रूपात मांडलं आणि त्याला 'अल्फा' म्हटलं. सूत्र त्यांच्या आधी, 1945 मध्ये, लुई गटमन यांच्या लेखातही होतं. पण अल्फा म्हणजे सगळ्या शक्य कापांची सरासरी, हे क्रॉनबॅकनी दाखवून दिलं. आपल्या तक्त्यावर ताडून बघा. तिसरा काप, 1 आणि 4 विरुद्ध 2 आणि 3, याचा आकडा 0.80. (या कापात दोन भागांचं प्रसरण सारखं नाही, म्हणून इथे प्रसरणांवर आधारलेलं सूत्र लावलं आहे. बाकीच्या दोन्हींत ते सारखं आहे, त्यामुळे दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात.) आता 0.87, 0.07 आणि 0.80 यांची सरासरी काढा. 0.58!

पण सरासरी म्हटलं की काहीतरी झाकलं जातंच. 0.58 वाचून कुणाला कळेल का की या चाचणीत दोन वेगळे विषय आहेत? नाही कळत. अल्फा मोठा आला म्हणून चाचणी एकच गोष्ट मोजते, असं होत नाही. शिवाय नुसत्या लांबीनेही तो फुगतो. प्रश्नांची एकमेकांशी साथ अगदी किरकोळ, सरासरी 0.1 असली, तर दहा प्रश्नांना आकडा सुमारे 0.53 येतो आणि तसल्याच चाळीस प्रश्नांना 0.82.

घाईच्या चाचणीत तर फसगत ठरलेलीच. प्रश्न सोपे, वेळ अपुरा. वीस प्रश्नांपर्यंत पोचलेल्या मुलाचे विषम दहा बरोबर, सम दहा बरोबर. सगळ्यांचंच असं होतं आणि सहसंबंध 1 च्या जवळ जातो, मग तो मुलगा उद्या चौदाच प्रश्नांपर्यंत पोचला तरी. तिथे वेगळ्या वेळेला घेतलेली दोन सत्रंच लागतात.

आता त्या 57 गुणांकडे वळू. समजा गुणांचं प्रमाण विचलन 10 आहे. विश्वसनीयता 0.87 असेल तर एका मुलाच्या गुणांतली प्रमाण त्रुटी सुमारे 3.6 गुण. 0.58 असेल तर 6.5. पहिल्या चाचणीतही 57 आणि 60 मधलं अंतर त्या त्रुटीच्या आतलंच आहे; दुसरीत तर ते निम्म्याहून कमी.

क्रॉनबॅक 2001 मध्ये वारले. 2004 मध्ये, त्यांच्या मागे छापलेल्या लेखात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. या सूत्राला आपलं नाव चिकटलं याचा त्यांना संकोच वाटे. आणि बहुतेक वेळा अल्फापेक्षा गुणांमागे हा प्रमाण त्रुटीचा आकडा सांगणं जास्त उपयोगाचं. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या अहवालात 'अल्फा 0.82' दिसलं, तर तीन गोष्टी विचारा: प्रश्न किती होते, वेळ पुरेसा होता का, आणि एका मुलाच्या गुणांत चूक किती गुणांची?