द्विभागी केशरंजन

द्विभागी केशरंजन म्हणजे मधल्या भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस दोन भिन्न रंगांत रंगवण्याची पद्धत. सलूनमध्ये तिला स्प्लिट डाय म्हणतात. केसांचे कपाळावरचे, कानामागचे किंवा मानेवरचे मोठे पट्टे स्वतंत्र रंगांनी रंगवले, तर त्या प्रकाराला कलर ब्लॉक असे नाव आहे. डोडी स्मिथ यांच्या १९५६ च्या कादंबरीतील क्रुएला डी व्हिलचे अर्धे काळे, अर्धे पांढरे केस हे या शैलीचे सर्वपरिचित रूप होय.

दोन रंग एकमेकांत उतरण्याचे कारण रंगाच्या स्वरूपात आहे. ऑक्सिडेशनने तयार होणाऱ्या कायम रंगाचे सूक्ष्म घटक केसात शिरून तेथेच मोठे होतात आणि अडकून राहतात. तयार रंगद्रव्य थेट केसांवर लावण्याच्या प्रकारात, म्हणजे डायरेक्ट डायमध्ये, ते बाहेरच्या थरांत सैल बसते आणि प्रत्येक धुण्यात थोडे थोडे सुटते. ब्लीचने सच्छिद्र झालेला फिकट केस हे सुटे रंगद्रव्य लगेच शोषतो. म्हणूनच लाल आणि फिकट सोनेरी ही जोडी सर्वांत अवघड ठरते. निळा आणि गुलाबी मिसळले तर निदान जांभळी छटा येते, पण लाल आणि हिरवा मिसळून मळकट तपकिरी रंग होतो.

काळ्या केसांवर लाल-सोनेरी जोडी करायची असल्यास आधी सगळे डोके फिकट पिवळे होईपर्यंत ब्लीच करणे सोयीचे असते, कारण मग काटेकोर रेषा फक्त रंगाच्या टप्प्यावर सांभाळावी लागते. सोनेरी बाजूला टोनर लावून, धुऊन केस पूर्ण वाळवावेत. ओल्या केसांतून रंग पाण्यासोबत रेषेपलीकडे ओढला जातो. नाकाच्या शेंड्याच्या रेषेत कपाळापासून मानेच्या खळग्यापर्यंत बारीक दांड्याच्या कंगव्याने सरळ भांग पाडावा, सोनेरी भागावर भांगालगत जाड कंडिशनर चोपडून तो भाग फॉइलमध्ये गुंडाळावा आणि मगच लाल रंग लावावा. रेषेजवळ ब्रशवर थोडाच रंग घेऊन तो भांगापासून बाहेरच्या दिशेने ओढावा, भांगाकडे ढकलू नये.

खरा धोका धुताना असतो, आणि अनेक चांगली कामे इथेच बिघडतात. डोके लाल बाजूकडे कलते ठेवून, सोनेरी भाग गुंडाळलेलाच असताना, गार पाण्याने पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत लाल बाजू धुवावी. पांढऱ्या टॉवेलमध्ये ओली बट दाबली असता गुलाबी डाग पडला, तर रंग अजून सुटत आहे असे समजावे. लाल बाजू धुऊन झाल्यावर सोनेरी बाजू वेगळी धुवावी. पुढच्या काही धुण्यांतही दोन्ही बाजू वेगळ्या ठेवाव्यात आणि झोपताना दोन स्वतंत्र वेण्या घालाव्यात. सोनेरी केसांत एकदा मुरलेला लाल रंग शाम्पूने फिका होतो, पण बहुधा पूर्ण जात नाही.