थ्रेशोल्ड चढवला म्हणजे सुरक्षा वाढली?

चेहरा पडताळणीत फसवणूक होते असे दिसले की एकच उपाय सुचवला जातो : थ्रेशोल्ड चढवा. यंत्रणा दोन फोटोंतल्या साम्याला गुण देते आणि ते ठरावीक मर्यादेपुढे गेले की ‘जुळला’ म्हणते. मर्यादा वर नेली की तोतयाला शिरणे अवघड होते, हे खरेच आहे. पण त्यावरून यंत्रणा अधिक अचूक झाली असे मानणे चूक आहे.

खऱ्या माणसाचेही गुण कधी खाली येतात. फोटो जुना असतो, उजेड कमी असतो, दात पडून गाल बसलेले असतात. परक्याचे गुण कधी वर जातात. गुणांचे हे दोन पट्टे एकमेकांत शिरलेले असल्यामुळे रेघ कुठेही ओढली तरी कोणीतरी चुकीच्या बाजूला राहतोच. रेघ सरकवल्याने चूक मिटत नाही, ती कोणाच्या वाट्याला जाणार एवढेच बदलते.

पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचे पाहू. केंद्राने नोव्हेंबर २०२१मध्ये त्यासाठी चेहरा पडताळणी सुरू केली. गणितापुरते आकडे धरू : एक लाख अर्ज, त्यांत शंभर तोतये. सैल थ्रेशोल्डवर हजारात एक परका जुळतो आणि शंभरात एक खरा नाकारला जातो. कडक थ्रेशोल्डवर लाखात एक परका जुळतो, पण शंभरात तीन खरे नाकारले जातात. सैल थ्रेशोल्डवर शंभर तोतयांपैकी एखादा तरी निसटण्याची शक्यता जेमतेम दहात एक. ती जवळपास शून्यावर आणण्यासाठी आपण नाकारलेल्या खऱ्या पेन्शनरांची संख्या सुमारे एक हजारावरून तीन हजारांवर नेतो.

यावर आक्षेप येईल की तोतया कोणी वाटेवरचा परका नसतो, तो मुलगा किंवा भाऊ असतो आणि त्याचे साम्य अधिक असते. आक्षेप रास्त आहे. ‘हजारात एक’ हा दर सहसा कोणत्याही दोन माणसांच्या जोड्या लावून काढलेला असतो, नात्यातल्यांसाठी तो वाढतो. म्हणूनच दर आपल्या लोकांवर, वृद्धांवर आणि नातलगांच्या जोड्यांवर मोजावा लागतो. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१९मध्ये दाखवले की एकाच थ्रेशोल्डवर वेगवेगळ्या लोकसमूहांत चुकीच्या जुळणीचे प्रमाण दहा ते शंभर पटींनी बदलू शकते. शिवाय मृत पेन्शनरचाच फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, तर गुण उत्तमच येतील. तिथे कितीही कडक थ्रेशोल्ड निरुपयोगी ठरतो, समोर जिवंत माणूस आहे का हे तपासणारी वेगळी चाचणी लागते.

मग थ्रेशोल्ड कसा ठरवावा? आधी चुकीच्या जुळणीचा किती धोका पत्करायचा ते ठरवावे, मग आपल्या लोकांवरच्या मोजणीतून थ्रेशोल्ड काढावा आणि त्यावर किती खरे नाकारले जातात ते जाहीर करावे. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर आधारवरचा जुना फोटो बदलावा आणि चांगल्या उजेडात पुन्हा प्रयत्न करू द्यावा. तरीही नाकारल्या गेलेल्याला बँकेत प्रत्यक्ष जाऊन दाखला देण्याची वाट खुली असली पाहिजे. ती बंद करून थ्रेशोल्ड चढवणाऱ्याने आपली जोखीम पेन्शनरच्या माथी मारलेली असते.