कोंबडी शिजवण्याच्या प्रक्रियेत निर्णायक टप्पा कोणता?

अन्नप्रक्रिया कारखान्यांतील पर्यवेक्षक, हॉटेलांतील मुख्य आचारी आणि अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी यांपैकी अनेकांना 'हॅसप'ची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. अन्नातील संभाव्य धोके हेरून ते प्रक्रियेच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर रोखायचे हे आधीच ठरवण्याची ही पद्धत होय. १९६० च्या दशकात अमेरिकेतील अंतराळवीरांसाठी सुरक्षित अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनी, नासा आणि लष्कराची नॅटिक प्रयोगशाळा यांनी मिळून ती विकसित केली. ज्या टप्प्यावर नियंत्रण ठेवणे अत्यावश्यक असते, त्यास निर्णायक नियंत्रण बिंदू असे म्हणतात. तो ओळखण्याचा प्रश्न परीक्षेत बहुधा कोंबडीचे उदाहरण घेऊनच येतो. तो सोपा वाटतो; परंतु सोपा वाटल्यामुळेच अनेकांचे उत्तर चुकते.

प्रश्नाचे स्वरूप साधारणतः असे असते : एका स्वयंपाकघरात कच्ची कोंबडी घेतली जाते, शीतगृहात ठेवली जाते, धुतली जाते, ओव्हनमध्ये भाजली जाते आणि गरम असतानाच वाढली जाते. साल्मोनेला या जीवाणूच्या दृष्टीने निर्णायक नियंत्रण बिंदू कोणता?

अ) कच्चा माल स्वीकारणे
ब) शीतगृहात साठवण
क) कोंबडी धुणे
ड) कोंबडी शिजवणे

अनेक परीक्षार्थी 'अ' निवडतात. मालच शुद्ध असला तर पुढे अडचण कशाला, असा त्यामागील विचार असतो. काही जण 'ब' निवडतात, कारण थंडाव्याने जीवाणूंची वाढ थांबते हे त्यांनी वाचलेले असते. दोन्ही विचार चुकीचे नाहीत. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाहीत.

चार प्रश्नांची कसोटी

अन्नमानके ठरवणाऱ्या 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय आयोगाने यासाठी प्रश्नांची एक साखळी दिली आहे. तिच्या मूळ मांडणीत चार प्रश्न आहेत. या टप्प्यावर धोका रोखण्याचा काही उपाय आहे काय? हा टप्पा धोका नष्ट करण्यासाठी किंवा स्वीकारार्ह पातळीवर आणण्यासाठीच योजलेला आहे काय? तसे नसल्यास येथे धोका मर्यादेपलीकडे वाढू शकतो काय? आणि वाढलाच, तर पुढील एखादा टप्पा तो दूर करील काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर हातातला टप्पा निर्णायक ठरत नाही. आयोगाने पुढे या साखळीची मांडणी बदलली. तिच्यामागील विचार मात्र तोच राहिला.

आता हे चार प्रश्न आपल्या कोंबडीला लावून पाहू. कच्ची कोंबडी साल्मोनेलामुक्त असेल, असे कोणताही पुरवठादार खात्रीने सांगू शकत नाही. गाडीतील तापमान आणि पुरवठादाराची कागदपत्रे तपासलीच पाहिजेत. परंतु त्यातून निसटलेला जीवाणू पुढे ओव्हनमध्ये मरणार आहे. म्हणून 'अ' बाद. शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअसला जीवाणूंची वाढ रोखली जाते, ते मरत नाहीत. आणि पुढे शिजवणे आहेच. म्हणून 'ब'ही बाद. धुण्याने तर जीवाणू नष्ट होत नाहीत, उलट शिंतोड्यांवाटे ते ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. म्हणून 'क' बाद. शिजवणे हा टप्पा मात्र जीवाणू मारण्यासाठीच आहे आणि त्यानंतर कोंबडी थेट ताटात जाते. येथे चूक झाली तर ती सुधारणारा पुढचा टप्पा नाही. उत्तर 'ड'.

याचा अर्थ आधीचे टप्पे निष्काळजीपणे हाताळावेत असा नव्हे. स्वच्छता, साठवण, पुरवठादाराची निवड या गोष्टी पायाभूत शिस्तीत मोडतात. परंतु दहाही टप्पे 'निर्णायक' ठरवले, तर कर्मचारी दहा तक्ते भरत बसतो आणि ज्या एका तक्त्यावर ग्राहकाचे आरोग्य अवलंबून असते तोही यांत्रिकपणे भरला जातो.

धोका बदलला की उत्तर बदलते

परीक्षकाचा खरा डाव येथे असतो. वरच्याच प्रश्नात 'साल्मोनेला'च्या जागी 'प्रतिजैविक औषधांचे अवशेष' असे लिहिले, तर उत्तर 'ड' राहत नाही. शिजवल्याने हे अवशेष खात्रीने नाहीसे होत नाहीत. त्यांना अडवण्याची जागा म्हणजे माल स्वीकारण्याचा दरवाजा. तेव्हा 'अ' बरोबर ठरते.

दुसरा बदल प्रक्रियेतील असतो. कोंबडी गरम न वाढता थंड करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची असेल, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जीवाणूचा विचार करावा लागतो. त्याचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि अन्न सावकाश निवत असताना झपाट्याने वाढतात. अशा वेळी शिजवण्याबरोबरच थंड करणे हाही निर्णायक बिंदू होतो. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेनुसार शिजवलेले अन्न दोन तासांत ५७ वरून २१ अंशांपर्यंत आणि एकूण सहा तासांत ५ अंशांपर्यंत उतरले पाहिजे. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला रस्सा ही अट क्वचितच पाळतो. उथळ ट्रेमध्ये पसरलेला पाळू शकतो. म्हणून पर्याय वाचण्यापूर्वी प्रश्नातील धोका आणि शेवटचा टप्पा, या दोन गोष्टींखाली रेघ मारावी.

बिंदू, मर्यादा आणि देखरेख

आणखी एक चकवा शब्दांचा असतो. 'शिजवणे' हा बिंदू आहे. 'मांसाच्या आतील तापमान ७४ अंश' ही त्या बिंदूची निर्णायक मर्यादा आहे. 'तापमापकाने तपासणे' ही देखरेख आहे. हे तिन्ही पर्याय शेजारीशेजारी दिलेले असतात आणि घाईत कोणताही बरोबर वाटतो. 'मांसाचा गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवणे' असा पर्याय आला, तर तो मर्यादा म्हणून चालत नाही. रंग फसवा असतो. मर्यादा मोजता आली पाहिजे.

प्रत्यक्ष कामात हा फरक कसा दिसतो? समजा, तापमापकाची सुई मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसली आणि आकडा आला ७१. मर्यादा ७४ ठरलेली आहे. म्हणजे मर्यादा मोडली. ती कोंबडी बाहेर जाणार नाही. ती पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून ७४ अंश गाठेपर्यंत शिजवायची, दोन्ही आकडे आणि वेळ नोंदवायची, आणि ओव्हन कमी का तापला याचा शोध घ्यायचा. तापमापकाविषयी शंका असल्यास तो बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो की नाही हे पाहायचे.

येथे जाणकार विचारतील की, ७१ अंशांना साल्मोनेला मरत नाही काय? मरतो, पण तेथे वेळ मोजावी लागते. ब्रिटनमध्ये ७० अंशांवर दोन मिनिटे ही अट मान्य आहे. स्वयंपाकघराने अशी वेळेसह मर्यादा आधीच लिहून ठेवली असेल, तर ती ग्राह्य आहे. आकडा कमी आल्यानंतर शोधलेली सबब मात्र ग्राह्य नाही. परीक्षेतही, आणि ओव्हनसमोरही.