सांधा किती रुंद हवा?

१८५६-५७ च्या सुमारास ग्यूस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने काढलेली समुद्राची चित्रे पाहून लोक चकित झाले. एकाच चित्रात उसळत्या लाटाही स्पष्ट आणि आकाशातले ढगही स्पष्ट! त्या काळातल्या कलोडियनच्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश फार लवकर लागत असे. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे पडे. आकाश सांभाळले, तर समुद्र काळाठिक्कर होई. ल ग्रेने काही चित्रांत यावर साधा उपाय केला. समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी घ्यायची, आणि एकाच कागदावर दोन्ही एकामागून एक छापायच्या. ढगांची एकच निगेटिव्ह त्याने वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरली आहे.

यात सांधा कुठे होता? क्षितिजावर. समुद्र आणि आकाश यांच्यामध्ये निसर्गतःच एक रेषा असते. तिथे आणखी एक रेषा लपली, तर कुणाच्या लक्षात येत नाही. १८५७ मध्येच ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठे चित्र तयार केले. त्यातही माणसाच्या अंगाच्या कडेसारखी आयती रेषा सांध्याला उपयोगी पडते.

पण सपाट भिंतीच्या किंवा निरभ्र आकाशाच्या मधोमध जोड द्यायचा झाला, तर लपायला रेषा नसते. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत काम करणारे लोक पुठ्ठ्याचा तुकडा कागदापासून थोडा उंच धरून सतत हलवत ठेवीत. त्याची सावली कडेला पुसट होते, आणि एका निगेटिव्हचा अंमल संपत असताना दुसरीचा हळूहळू सुरू होतो. आजच्या संगणकावर याच क्रियेला ‘फेदरिंग’ म्हणतात. चित्राचा जो भाग बदलायचा त्यावर एक मास्क आखतात, आणि मास्कची कडा एकदम न तोडता विरवत नेतात. मास्कच्या आत नव्या चित्राचा वाटा १, बाहेर ०, आणि मधल्या पट्ट्यात तो १ वरून ० वर उतरत जातो.

ही युक्ती चालते, कारण आपला डोळा उजेडाच्या मोजमापापेक्षा त्यातल्या अचानक बदलाला जास्त दाद देतो. शेजारच्या दोन करड्या छटांमध्ये २५५ पैकी ६ पायऱ्यांचा फरक असला, तरी धारदार कडेवर तो चटकन दिसतो. तोच फरक ४० बिंदूंच्या पट्ट्यात वाटून दिला, तर साधारण दर सात बिंदूंना एक पायरी येते आणि डोळा ती सोडून देतो. हा उतार सरळ रेषेसारखा नसावा, टोकांना गोलसर असावा. सरळ उतार जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे प्रत्यक्षात नसलेली फिकट किंवा गडद रेघ दिसते. १८६५ मध्ये एर्न्स्ट माख याने अशा भासमान पट्ट्यांचे वर्णन केले होते.

मग पट्टा जितका रुंद तितका सांधा चांगला, असे म्हणता येईल का? नाही. इथेच खरी गंमत आहे.

छायाचित्राच्या फिल्ममध्ये चांदीच्या संयुगांचे सूक्ष्म स्फटिक यदृच्छया पसरलेले असतात. मोठ्या केलेल्या चित्रात त्यांच्या पुंजक्यांमुळे रवाळपणा दिसतो. त्याला ‘ग्रेन’ म्हणतात. आता दोन रवाळ चित्रे निम्मी निम्मी मिसळली तर काय होईल? हे वर्गात फाशांनी दाखवता येते. एक फासा टाकला, तर १ किंवा ६ हे टोकाचे आकडे येण्याची शक्यता तीनात एक असते. दोन फासे टाकून त्यांची सरासरी घेतली, तर ती नेमकी १ किंवा ६ येण्याची शक्यता अठरात एक इतकीच उरते. सरासरी घेतली की टोके बोथट होतात. चित्रातही तेच होते. एका चित्राचा वाटा a असेल, तर मिश्रणातल्या ग्रेनचा जोर √(a² + (1−a)²) पट राहतो. निम्म्या मिश्रणात हे उत्तर ०.७१ येते. म्हणजे रुंद फेदरने छटांचा सांधा मिटतो, पण त्याच जागी एक गुळगुळीत पट्टा तयार होतो. हा दुसरा सांधा पहिल्या इलाजातूनच निर्माण झालेला असतो.

या पेचातून सुटण्याचा मार्ग पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की फेदरची रुंदी ज्या आकाराच्या गोष्टी जोडायच्या त्या आकाराला साजेशी हवी. ढगासारखे मोठे, संथ बदल रुंद पट्ट्यात मिसळावेत. बारीक पोत अरुंद पट्ट्यात. चित्रात दोन्ही असतात, म्हणून आधी चित्राचे ढोबळ ते बारीक असे थर वेगळे करायचे, प्रत्येक थर त्याच्या मापाच्या फेदरने जोडायचा, आणि मग सगळे थर पुन्हा एकत्र करायचे. अर्धे सफरचंद आणि अर्धे संत्रे असे त्यांनी जोडलेले फळ पाहिले, तर रेघ कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही प्रतिमा निर्माण करणारी प्रणाली सर्वांसाठी खुली झाली आणि फाटक्या चित्राचा तुकडा नव्याने रंगवून घेणे घरोघरी शक्य झाले. सांध्याचा जुना प्रश्न लगेच पुन्हा उभा राहिला. तो समजण्यासाठी या प्रणालीची रीत थोडी पाहू. ती मूळ चित्रात ठराविक प्रमाणात यादृच्छिक गोंगाट मिसळते आणि मग तो टप्प्याटप्प्याने काढत चित्र पुन्हा घडवते. किती गोंगाट मिसळायचा ते पडद्यावरच्या `Denoising strength` या आकड्याने ठरते. ० म्हणजे काहीच बदल नाही. १ म्हणजे मूळ चित्र जवळजवळ पूर्ण विसरून नवे काढणे.

हा आकडाही पुन्हा आकारमानाचाच आहे. थोड्या गोंगाटात आधी बारीक तपशील बुडतात. मोठे आकार मात्र वर डोकावत राहतात, म्हणून तेच टिकतात. गोंगाट वाढवला की मोठे आकारही बुडतात आणि प्रणाली ते आपल्या मनाने नव्याने बसवते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. शाळेच्या जुन्या समूहछायाचित्राची स्कॅन केलेली प्रत आहे असे समजा. कागद दुमडल्यामुळे १४ बिंदू रुंदीची पांढरी चीर मागच्या भिंतीवरून एका मुलाच्या खांद्यापर्यंत उतरली आहे.

मास्क चिरेपेक्षा बराच मोठा हवा. चिरेच्या दोन्ही बाजूंना किमान २० बिंदू जागा सोडावी, म्हणजे विरत जाणारी कडा पूर्णपणे शाबूत भागावर पडेल. मास्क चिरेला चिकटून आखला, तर विरत्या पट्ट्यात जुन्या चिरेचाही वाटा येतो आणि दुरुस्तीच्या दोन्ही अंगांना दुधी कडा दिसते. अनेक जण याला प्रणालीचा दोष समजतात. तो मास्कचा असतो.

आता जोर किती ठेवायचा? ०.३ ठेवला तर चीर जात नाही, नुसती फिकट होते, कारण ती मोठी आकृती आहे आणि एवढ्या गोंगाटात बुडत नाही. ०.९ ठेवला तर भिंतीत खिडकी उगवू शकते. म्हणून आधी चिरेवर शेजारच्या भिंतीचा रंग ढोबळपणे भरून घ्यावा आणि मग ०.४ ते ०.५ च्या आसपास काम करावे. मोठा आकार आपण दिला, बारीक जुळणी प्रणालीने केली, अशी ही विभागणी आहे. खांद्यावरच्या शर्टाची कडा जुळत नसेल, तर तेवढ्यापुरता आकडा थोडा वाढवावा आणि फेदर अरुंद करावी. जुनी आणि नवी कडा दोन-तीन बिंदूंनी सरकलेल्या असतील, तर रुंद फेदरमध्ये दोन्ही अर्ध्या अर्ध्या दिसतात आणि शर्टाला दोन खांदे फुटतात.

उरतो तो ग्रेन. ही प्रणाली चित्रावर थेट काम करत नाही. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे रंगीत चित्र ती आधी ६४ गुणिले ६४ घरांच्या, प्रत्येक घरात चार आकडे असलेल्या कोष्टकात आवळते. ७,८६,४३२ आकड्यांचे १६,३८४ होतात, म्हणजे ४८ पट कमी. एवढ्या आवळण्यात यदृच्छया पसरलेला रवाळपणा जसाच्या तसा टिकणे शक्य नाही. म्हणून भरलेली भिंत मेणासारखी गुळगुळीत येते. मास्कबाहेरचा भागही या आवळण्या-उलगडण्यात किंचित बदलतो. तेव्हा प्रणालीने दिलेले अख्खे चित्र न घेता फक्त मास्कमधला तुकडा मूळ चित्रावर बसवावा.

इथे बर्ट आणि एडेलसन यांची कल्पना दोनच थरांत वापरता येते. मूळ चित्राची ४ बिंदूंच्या त्रिज्येने धूसर केलेली प्रत म्हणजे छटांचा थर. मूळ चित्रातून ती वजा केली, की बारीक पोताचा थर उरतो. भिंतीवर या दुसऱ्या थराचे प्रमाण विचलन ५ पायऱ्या भरले असे धरू. नव्या तुकड्याचाही फक्त छटांचा थर घ्यायचा आणि तो रुंद फेदरने जोडायचा. पोत मात्र त्याच भिंतीच्या शाबूत, तितक्याच उजळ भागातून उचलून दुरुस्तीवर ठेवायचा आणि त्याची कडा दोन बिंदूंतच संपवायची. तोच ग्रेन रुंद पट्ट्यात मिसळला असता, तर मध्यावर विचलन ५ वरून ३.५ वर आले असते. दोन बिंदूंच्या पट्ट्यातली ही घट डोळ्याला सापडत नाही.

पुष्कळ प्रणालींत ‘नॉइज घाला’ अशी सोय असते, ती इथे अपुरी पडते. ती प्रत्येक बिंदूला स्वतंत्र आकडा देते. खरे रवे अनेक बिंदूंवर पसरलेले असतात, शिवाय मधल्या छटांत ठळक आणि अगदी काळ्या किंवा पांढऱ्या भागांत कमी दिसतात. जोर बरोबर आणि आकार चुकीचा असेल, तर भिंतीवर वाळू शिंपडल्यासारखे दिसते.

काम झाल्यावर तपासणी दोनदा करावी. चित्र दुप्पट मोठे करून कॉन्ट्रास्ट बराच वाढवला, की ग्रेनमधला गुळगुळीत पट्टा उघडा पडतो. नंतर चित्र लहान करून डोळे किलकिले करून पाहिले, की छटांमधला डाग दिसतो. दोन्ही सांधे एकाच नजरेत क्वचितच सापडतात.

चीर खांद्यावर थांबली म्हणून बरे. ती चेहऱ्यावरून गेली असती, तर हीच कृती सांधा तितकाच सफाईने मिटवते, पण चिरेखाली गेलेला डोळा परत आणत नाही. प्रणाली एक डोळा देते. तो त्या मुलाचा नसतो. अशा चित्रात भिंत भरावी, शर्ट भरावा, चेहऱ्यावरची चीर तशीच ठेवावी, आणि मूळ स्कॅन शाळेच्या संग्रहात वेगळा जपावा. कारण सांधा नीट बसल्यावर, कोणता भाग कागदावर होता आणि कोणता नंतर आला, हे त्या चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही.