बिडाचा खांब आणि घडीव लोखंडाची कैची

एकोणिसाव्या शतकातली मंडई असो की रेल्वे स्थानक, खाली बिडाचे खांब आणि वर घडीव लोखंडाच्या कैच्या, ही वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सोयीची होती. बीड दाब उत्तम सोसतं, ताणाला मात्र कच्चं. ताण पडला की न वाकता एकदम तुटतं. घडीव लोखंडाला धागे असतात, त्यामुळे ते ताण घेतं आणि सहसा तुटण्याआधी लांबतं.

आधी खांब पाहू. तो पोकळ असे. साचा आडवा ठेवून ओतला, तर आतला मातीचा गाभा वितळलेल्या बिडात वर तरंगू पाहतो. परिणामी खांबाची एक बाजू जाड, समोरची पातळ. बाहेरून गोलाई अगदी निर्दोष! म्हणून तपासणारा घेराभोवती समान अंतरावर तीन बारीक भोकं पाडून जाडी मोजतो. समजा ३५, २० आणि २० मिलिमीटर आली. सरासरी २५, म्हणजे गाभा १० मिलिमीटर सरकलाय. मग ३५ च्या बरोबर समोर, जिथे भोक पाडलंच नाही तिथे, जाडी सुमारे १५ च असणार. हिशेब या १५ वर करायचा.

आता कैची. लंडनचं चेरिंग क्रॉस स्थानक १८६४ सालचं. जॉन हॉकशॉ यांचं छप्पर, १६४ फुटांची कमान, आणि तिचे पाय पसरू नयेत म्हणून घडीव लोखंडाचे ताणदांडे. ५ डिसेंबर १९०५ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास मोठा आवाज झाला; एक दांडा तुटला होता. कर्मचाऱ्यांनी प्रवासी हलवले, गाड्या थांबवल्या. सुमारे बारा मिनिटांनी छपराचा भाग कोसळला, भिंत शेजारच्या नाट्यगृहावर पडली. सहा माणसं गेली.

दोष दांड्याच्या सांध्यात निघाला. दोन तुकडे तापवून, ठोकून एकजीव करायचे. ते आत पुरते जुळलेच नव्हते. चाळीस वर्षं रंगाखाली तो दोष झाकलेला राहिला. म्हणजे ‘धागे असलेलं लोखंड सूचना देऊन तुटतं’ हा नियम सांध्यापाशी लागू होत नाही. गंज डोळ्यांना दिसतो, हा दोष दिसत नाही. आज तो ध्वनिलहरींनी शोधता येतो, पण घडीव लोखंडातले मळीचे थरही लहरी परतवतात, त्यामुळे अनुभवी कान-डोळे लागतातच.

दुरुस्तीतही दोघांचे स्वभाव पाळावे लागतात. बिडाला साधं वेल्डिंग केलं तर थंड होताना शेजारीच नवी तडे जाते. म्हणून तड्याला आडव्या धातूच्या पट्ट्या थंडच बसवून शिवतात. संशयित ताणदांड्याशेजारी पोलादी दांडा देतात. पण तो नुसता बसवून भागत नाही, पेचाने ताणावा लागतो. सैल राहिला तर सगळा भार जुनाच दांडा वाहतो, आणि नवा नुसता शोभेला असतो.